मातृभाषा : मराठी

शाळा सोडल्याचा दाखला हा फार सभ्य कागद असतो. पोराबद्दल वावगं काही लिहायचं नाही, असा त्याच्यात आणि शाळेत जणू जुना करारच आहे. प्रगती 'समाधानकारक', वर्तणूक 'चांगली', शाळा सोडण्याचं कारण 'पालकांची बदली'. जन्मतारीख एकदा आकड्यात लिहायची आणि मग तीच अक्षरी, कारण आकड्यांवर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. माझ्या भाचीचा दाखला माझ्या जेवणाच्या टेबलावर काचेखाली पडला होता, तेव्हा येता-जाता मी तो वाचत असे. प्रत्येक रकान्यात कुणा मुख्याध्यापकांच्या कारकुनाचं तिरकं, सावकाश अक्षर. आणि मधेच एका रकान्यात, फारसा विचार न करता लिहिलेलं : मातृभाषा, मराठी.

तो रकाना भरणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. कोल्हापुरातून पुण्यात आलेल्या मुलीची मातृभाषा मराठीच आणि ज्या शाळेत ती जाणार होती, तिथल्या पोरांचीही मराठीच. दोन्हीकडे तीच बालभारतीची पुस्तकं, तोच अभ्यासक्रम, तीच प्रतिज्ञा. तरीही जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरातली एक अकरा वर्षांची मुलगी लोखंडी कपाटाच्या आरशापुढे उभी राहून स्वतःच्याच मातृभाषेतली चार वाक्यं परदेशी असल्यासारखी घोकत होती.

भावाची बदली झाली आणि भाड्याचं घर मिळेपर्यंत ते तिघं कोथरूडला आमच्याकडे राहायला आले. भाचीला सगळे बारकी म्हणतात, कारण आमच्या माहेरच्या नातवंडांत ती शेवटची. सहावीत नव्या शाळेत जायचं हे तसं अवघड वय. पहिलीत सगळेच नवे आणि सगळेच रडतात, त्यामुळे रडण्याची समता असते. सहावीत मात्र बाकीच्यांची बाकं ठरलेली, मैत्रिणी ठरलेल्या, भांडणंसुद्धा ठरलेली असतात आणि त्यात आपण एकट्याने दारात उभं राहायचं असतं. नव्या मुलीला बाई वर्गापुढे उभी करतात आणि 'स्वतःची ओळख करून दे' म्हणतात, हे बारकीने कुठून तरी ऐकलं होतं. मग तिने वहीच्या शेवटच्या पानावर ओळख लिहून काढली आणि रात्री जेवणानंतर आम्हा सगळ्यांना ओळीने बसवून ती म्हणून दाखवली. हात मागे बांधलेले, नजर पंख्यावर.

"नमस्कार. माझं नाव अमुक अमुक. मी कोल्हापूरहून आलो. मी सहावीत शिकतो. मी रोज रंकाळ्यावर सायकल चालवायला जायचो."

माझा मुलगा आठवीत आहे. जन्म पुण्याचा, वाढ पुण्याची, त्यामुळे दुसऱ्याची चूक सुधारणं हा त्याला शिष्टाचाराचाच भाग वाटतो. तो म्हणाला, "आलो? तू काय मुलगा आहेस का?"

बारकीने पंख्यावरची नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिलं. तिला प्रश्नच कळला नाही. कळणार कसा? तिची आई आलो म्हणते, आजी आलो म्हणते, शेजारच्या काकू दारातून 'मी निघालो गं' असं ओरडून बाजाराला जातात. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे बाई स्वतःबद्दल बोलताना सर्रास आलो, गेलो, जातो, करतो म्हणते. आणि गंमत अशी, की हे फक्त 'मी'पुरतंच. तिला हाक मारणारा 'आलीस काय?' असंच विचारतो, तिच्यामागे 'ती आली' असंच म्हणतो. जगाच्या लेखी ती बाई आहेच, त्यात काही वाद नाही. पण स्वतःच्या तोंडून स्वतःविषयी बोलायची वेळ आली की ती स्त्रीलिंग बाजूला ठेवते. आई 'आलीस काय?' विचारते आणि पोरगी 'आलो की' सांगते. प्रश्न एका लिंगात, उत्तर दुसऱ्यात, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही.

मीही कधीकाळी आलोच म्हणायची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा त्या 'आलो'सकटच आले असणार. ते नेमकं कधी सुटलं हे मला सांगता येत नाही. पुण्याच्या वाटेवर किणीचा टोलनाका लागतो, मग तासवडे, मग आनेवाडी, शेवटी खेड-शिवापूर. कधी कधी वाटतं, यातल्याच कुठल्यातरी नाक्यावर गाडी थांबवून एखाद्या शांत माणसाने काचेतून हात आत घातला असेल आणि 'ताई, हे इथंच ठेवा' म्हणून आलो काढून घेऊन सुट्टे पैसे दिल्यासारखं आले हातावर ठेवलं असेल. पावती दिली नसावी, कारण परत जाताना ते मागता येत नाही. म्हणजे येतं, पण अर्धंमुर्धं. धाकट्या बहिणीचा फोन आला की दोन मिनिटांत माझं बोलणं घसरतं. 'मी आत्ताच जेवलो' असं मी म्हणते आणि नवरा वर्तमानपत्राआडून भुवया उंचावतो, जणू घरात कुणी अनोळखी पुरुष जेवून गेला.

मुलाच्या त्या प्रश्नानंतर बारकीने दोन दिवस 'आले' म्हणण्याचा सराव केला. आरशापुढे उभी राहून ती 'आले, आले, आले' असं म्हणे आणि प्रत्येक वेळी तोंड किंचित वाकडं होई, औषधाची गोळी अर्धवट विरघळल्यासारखं. तिच्या कानाला ते शब्द दुसऱ्याच कुणाचे वाटत. कोल्हापुरात असं बोलणाऱ्या मुलीला मैत्रिणी लगेच 'लई शहाणी झालीस' म्हणून झोडपतात हेही तिला माहीत होतं. तरी ती नेटाने म्हणत राहिली. त्यातल्याच एका संध्याकाळी आजीचा फोन आला. बारकी घाईने खेळून वर आली होती, फोन कानाला लावून तिने धापा टाकत नवा धडा वापरला : "आज्जी, आले!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग आजीने काळजीने विचारलं, "कोण आले गं?"

आजीची तरी काय चूक? पाहुणे आले, तलाठी आले, वसुलीवाले आले. आजीच्या मराठीत एवढ्याच लोकांना 'आले' लागतं. एकटी नात 'आले' कशी होईल? बारकीने फोन माझ्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन पालथी पडली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मी शाळंत जात न्हाई." भाऊ म्हणाला, "शाहू महाराज असते तर मला दंड झाला असता." त्याचं बरोबर होतं. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. बारकीने आतूनच विचारलं, एक रुपया आहे का तुमच्याकडं?

माणसाला अडवलं की तो वाट शोधतो, आणि मूल असेल तर कुंपणातून शोधतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी वही घेऊन माझ्याजवळ स्वयंपाकघरात आली. मी मटार सोलत होते. ती म्हणाली, "आत्ती, आलो पण नको आणि आले पण नको. असं काय म्हणता येतंय का?"

मी आयुष्यात मराठीच्या व्याकरणाकडे त्या दिवसाइतकं आपुलकीने पाहिलं नव्हतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून शाळेतल्या पोरांना ते छळतच आलं आहे, अशी आमच्या पिढीची पक्की समजूत. पण त्या दुपारी कळलं, की छळणाऱ्या त्या घरात लपायच्या जागाही पुष्कळ आहेत. बारकी वाक्य म्हणे, मी ते चाचपून बघे आणि शेंगा फुटत राहत.

पहिली जागा भविष्यकाळाची. 'मी येईन' म्हणताना बाई काय अन् पुरुष काय, सारखेच. 'करीन', 'वाचीन', 'जाईन' यांत कुणी कुणाला ओळखत नाही. उद्याच्या गोष्टींना मराठीने लिंग ठेवलेलं नाही, काल आणि आज यांनाच ते चिकटतं. बारकी म्हणाली, म्हणूनच प्रतिज्ञा म्हणताना तिला कधी अडलं नव्हतं. मी मनातल्या मनात प्रतिज्ञा म्हणून पाहिली. खरंच की! देशातल्या कोट्यवधी पोरापोरींना रोज सकाळी एका सुरात म्हणायची आहे, म्हणून असेल किंवा योगायोगाने, पण तिच्यातल्या 'मी'ला एकही क्रियापद उघडं पाडत नाही.

दुसरी जागा 'मला'ची. 'मी हसतो' म्हटलं की पकडले गेलो, पण 'मला हसू येतं' म्हटलं की सुटलो. हसू येतं, भूक लागते, चित्र काढायला आवडतं. सगळं आपल्याकडे आपणहून चालत येतं, आपण नुसते उभे.

तिसरी जागा सर्वांत मोठी आणि तिथे मला माझ्या जुन्या बाईंची फार आठवण आली. त्या कर्तरी-कर्मणी शिकवताना फळ्यावर बाण काढत. क्रियापदाचा बाण कर्त्याकडे गेला की कर्तरी, कर्माकडे गेला की कर्मणी. 'मी आलो' यात बाणाला जायला दुसरी जागाच नाही, तो सरळ माझ्या छातीत. पण 'मी चित्र काढलं' म्हटलं की बाण चित्राकडे जातो. चित्र नपुंसकलिंगी, म्हणून काढलं. भाकरी स्त्रीलिंगी, म्हणून खाल्ली. आंबा पुल्लिंगी, म्हणून खाल्ला. खाणारा कोण, याची चौकशी होत नाही. येणं, जाणं, बसणं, झोपणं यांत माणूस सापडतो, पण हातात एखादी वस्तू धरून काही केलं, आणि तेही कालच उरकलं असेल, की वस्तूच पुढे होऊन जामीन राहते. बारकीला हे फार आवडलं. मटाराची शेंग सोलून ती म्हणाली, "मी मटार सोलला." मग दुसरी सोलून, "मी शेंग सोलली." आणि मग हळूच, "म्हंजे मी कोण ते कुणालाच कळलं नाही."

दोन क्रियापदांनी मात्र दगा दिला. हातात वस्तू असूनही ती बाण आपल्याकडेच ठेवतात. 'मी धडा शिकलो', 'मी कविता विसरलो' म्हणताना धडा आणि कविता वाचवायला येत नाहीत. शिकणं आणि विसरणं. शाळेत मुलाच्या हातून घडतात त्या नेमक्या याच दोन गोष्टी. त्या टाळून शाळेविषयी बोलायचं म्हणजे कसरत होती, पण बारकीने ती केली. संध्याकाळपर्यंत वहीच्या शेवटच्या पानावर नवी ओळख तयार झाली. अक्षर दाखल्यावरच्या अक्षरापेक्षाही सावकाश, चुकीचा शब्द खोडायला पांढऱ्या शाईचा जाड थर.

"नमस्कार. माझं नाव अमुक अमुक. माझं गाव कोल्हापूर. माझ्या बाबांची पुण्याला बदली झाली. मला चित्र काढायला आवडतं. गेल्या वर्षी मी रंकाळ्याचं चित्र काढलं आणि त्याला बक्षीस मिळालं. मी सर्वांशी मैत्री करीन."

मी ती ओळख पुन्हा पुन्हा वाचली. एकही चूक नाही, एकही फट नाही. कोल्हापूरच्या आजीला ऐकवली तर तिला ती आपलीच वाटेल आणि पुण्याच्या बाईंना ऐकवली तर त्यांना त्यांची. पण वाचताना कुठंतरी चुकचुकत राहिलं. सायकल गेली होती. 'जायचो'ला लपायला जागा सापडली नाही, म्हणून रंकाळ्याच्या काठची ती रोजची फेरी बिचारी पांढऱ्या शाईखाली गाडली गेली. त्या ओळखीत कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, कुणी शिकत नव्हतं. बदली झाली, चित्र निघालं, बक्षीस मिळालं, आणि या सगळ्यात मुलगी कुठे होती, ते फक्त नावावरून कळत होतं. सरकारी पत्रं अशीच लिहितात. 'कळविण्यात येते' म्हणतात, कळवतो कोण ते सांगत नाहीत. आजवर मी त्यावर हसत असे. त्या साहेबालाही कधी लहानपणी कुणी 'तू काय मुलगा आहेस का?' असं काहीतरी विचारलं असेल, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

शाळा उघडायच्या आदल्या रात्री तिने ओळख शेवटची म्हणून दाखवली. बाईंना हाक काय मारायची याचा थोडा घोळ झाला. कोल्हापूरच्या शाळेत 'बाई' म्हणत, माझा मुलगा त्याच्या शाळेत 'टीचर' म्हणतो आणि वहिनीच्या मते 'मॅडम' म्हटलेलं कुठेही चालतं. शेवटी हाकच मारायची नाही असं ठरलं. सकाळी नव्या रेनकोटची घडी मोडली. पाऊस आला नव्हता, पण रेनकोट नवा होता. वहिनीने डब्यात दडपे पोहे दिले. गेटाशी बारकीने माझा हात सोडला आणि ओठ हलवत आत गेली.

ओळख कुणी विचारलीच नाही.

हे तिनेच संध्याकाळी सांगितलं, दप्तर न उतरवता, सोफ्याच्या कडेवर बसून. बाई घाईत होत्या. परिपाठ लांबला होता, दोन वर्गांची पुस्तकं एकाच वर्गात आली होती. बाईंनी हजेरी काढली. बारकीचं नाव छापील यादीत नव्हतं, शेवटच्या ओळीखाली पेनाने लिहिलं होतं. ते घेतल्यावर तिने म्हटलं, "हजर." बस्स. पंधरा दिवसांच्या तालमीनंतर सगळ्या शाळेला तिच्याकडून एवढा एकच शब्द हवा होता, आणि त्याला लिंग नव्हतं. मधे एकदा तिने पाण्यासाठी विचारलं, "जाऊ का?" त्यालाही नव्हतं. मला वाटलं, झालं, पोर सुटली.

पण मधल्या सुट्टीत पोह्यांचं तेल हाताला लागलं. ती उठली. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "कुठे चाललीस?" आणि बारकीच्या तोंडून ओळख नव्हे, वही नव्हे, दोन पिढ्यांची सवय बाहेर पडली : "हात धुवायला चाललो."

समोरच्या बाकावरच्या दोघी वळल्या. शेजारची म्हणाली, "चाललो? तू मुलगा आहेस का?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं. आतल्या खोलीतून माझा मुलगाही दाराशी येऊन उभा राहिला होता.

"म्हणालो, न्हाई, कोल्हापूरची हाय."

शेजारच्या मुलीने यावर थोडा विचार केला म्हणे. डब्याचं झाकण लावत लावत. मग तिने विचारलं, "मग तिकडची मुलं काय म्हणतात?"

"ती पण चाललोच म्हणत्यात."

"मग मुलगा कोण आणि मुलगी कोण हे कळतं कसं?"

"बघून कळतंय की."

एवढं सांगून बारकी पोह्यांचा रिकामा डबा माझ्यासमोर ठेवून पाणी प्यायला उठली. तिच्या मते गोष्ट तिथे संपली होती. शेजारच्या मुलीलाही ते पटलं होतं आणि दोघी मिळून हात धुवायला गेल्या होत्या. माझा मुलगा दारात थोडा वेळ उभा राहिला. मग 'बघून कळतंय की' असं एकदा स्वतःशीच पुटपुटला आणि आत गेला. दादोबांना हे कुणीतरी १८३६च्या आधी सांगायला हवं होतं.

रात्री मात्र ती पुन्हा वही घेऊन आली. गुरुवारी परिपाठाची पाळी तिच्या वर्गाची होती आणि बाईंनी बातम्या वाचायला तिचं नाव घेतलं होतं. नवी मुलगी म्हणून. मला वाटलं, आता परत आरसा, परत पांढरी शाई. पण बारकी उद्याचं दप्तर भरत म्हणाली, "त्याचा काय सराव करायचा, आत्ती? बातमीत 'मी' नसतोच न्हवं?"